एक लिटर आइसक्रीमचे मिश्रण: दूध, क्रीम, साखर यांची मापे आणि साखर कमी पडली की ते दगडासारखे का होते

घरी केलेल्या आइसक्रीमचा डबा फ्रीझरमधून काढावा, त्यात चमचा रोवायला जावे आणि चमचाच वाकावा, ही तक्रार उन्हाळ्यात सतत ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा चुलीपाशीच घडलेले असते. दूध-साखरेचे गरम मिश्रण चाखले जाते, ते फार गोड वाटते आणि पुढच्या वेळी १८० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम साखर पडते. गोडी कमी झाली तरी बाकी सारे तसेच राहील, अशी यामागची समजूत असते. प्रत्यक्षात आइसक्रीम किती मऊ राहणार हे प्रामुख्याने साखरच ठरवते, आणि गोडी हे तिचे दुसरे काम आहे. या लेखात साध्या व्हॅनिलाचे एक लिटर मिश्रण धरून मापे, क्रम आणि तपासण्या दिल्या आहेत.

## साखर कमी पडली की नेमके काय होते

साधे पाणी शून्य अंशाला गोठते. पाण्यात साखर विरघळली की तिचे रेणू पाण्याच्या रेणूंना एकत्र येऊन स्फटिक होण्यात अडथळा आणतात आणि गोठण्याचा बिंदू खाली जातो. पुढे दिलेल्या मापाचे मिश्रण उणे अडीच अंशांच्या आसपास गोठू लागते. यात आपण घातलेल्या साखरेबरोबर दुधातली स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि दुधातले क्षार यांचाही वाटा असतो.

महत्त्वाची गोष्ट यानंतर घडते. जे गोठते ते शुद्ध पाणी असते. साखर बर्फात जात नाही, ती उरलेल्या पाण्यात राहते. त्यामुळे बर्फ जसजसा वाढतो तसतसा उरलेला पाक घट्ट होतो, आणि घट्ट पाकाला गोठायला आणखी थंडी लागते. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही हा खेळ पूर्ण संपत नाही. पाण्याचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग बर्फ झालेला असतो, आणि उरलेला पाक त्या बर्फाच्या कणांमध्ये पसरून त्यांना एकमेकांपासून सुटे ठेवतो. चमचा आत शिरतो तो या न गोठलेल्या पाकामुळे.

आता १८० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम साखर घातली असे धरू. गोठण्याची सुरुवात उणे १.८ अंशांच्या जवळपास होते. हा फरक दिसायला जेमतेम पाऊण अंशाचा आहे, पण उणे १८ अंशांना न गोठलेले पाणी त्यामुळे पाव भागाहून जास्त घटते. बर्फाचे कण एकमेकांना टेकतात, जुळतात आणि त्यांची सलग चौकट तयार होते. तीच आपल्या चमच्याला अडवते. त्यावर क्रीम वाढवण्याचा उपाय पुष्कळ जण करतात, पण स्निग्धांश पाण्यात विरघळत नसल्यामुळे गोठण्याचा बिंदू त्याने खाली जात नाही. चव जड होते आणि आइसक्रीम टणकच राहते.

## टप्पा १: साहित्य आणि मापे

खालचे माप सुमारे १०७० ग्रॅम, म्हणजे साधारण एक लिटर मिश्रणाचे आहे. घोटताना हवा मिसळल्यावर तयार आइसक्रीम याहून थोडे जास्त भरते.

- फुल क्रीम दूध (६ टक्के स्निग्धांश): ५५० ग्रॅम
- पाकिटातले फ्रेश क्रीम (२५ टक्के स्निग्धांश): ३०० ग्रॅम
- साखर: १८० ग्रॅम
- स्किम्ड मिल्क पावडर: ४० ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर: १० ग्रॅम, किंवा त्याऐवजी मिश्रण एकजीव ठेवणारी ३ ग्रॅम जीएमएस आणि ते दाट करणारी २ ग्रॅम सीएमसी पावडर
- चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला

या मापात स्निग्धांश सुमारे १० टक्के आणि साखर सुमारे १७ टक्के येते. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसारही 'आइसक्रीम' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, त्यामुळे घरच्या मापाला हाच आकडा धरणे सोयीचे आहे. साखर १५ टक्क्यांच्या खाली गेली की टणकपणा जाणवू लागतो, आणि २० टक्क्यांच्या वर गेली की डबा रात्रभर ठेवूनही आइसक्रीम नीट धरत नाही आणि वाटीत घेताच पाघळते.

पुण्यात चितळे, कात्रज यांसारख्या डेअऱ्यांच्या फुल क्रीम पिशवीवर स्निग्धांशाची टक्केवारी छापलेली असते. ती वाचून घ्यावी. गोठ्यावरून आणलेल्या म्हशीच्या सुट्या दुधात ती रोज बदलते. असे दूध वापरण्यास हरकत नाही, पण मग दर वेळी तोच परिणाम मिळेल ही अपेक्षा सोडावी लागते. गायीचे साडेतीन टक्क्यांचे दूध असेल तर ४९० ग्रॅम दूध आणि ३६० ग्रॅम क्रीम घ्यावे. बाकीची मापे तीच राहतात.

सावधान: मिल्क पावडरच्या जागी डेअरी व्हाइटनर वापरू नये. त्यात बहुधा साखर मिसळलेली असते आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो. कंडेन्स्ड मिल्क घालायचेच असेल तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४४ ग्रॅम साखर आहे असे धरून तेवढी साखर वजा करावी.

घरी साठवलेल्या सायीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ती फुकट पडते आणि मोह होतो. सायीतला स्निग्धांश किती हे कळत नाही, आणि थंड साय घोटली की तिचे लोणी सुटते. मग तयार आइसक्रीममध्ये जिभेला चिकटणारे पिवळट कण सापडतात. सायीचे तूप करावे आणि आइसक्रीमला पाकिटातले क्रीम घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा २: वजनकाटा, तापमापक आणि फ्रीझर यांची तपासणी

वाटीने साखर मोजणे हे निम्म्या बिघाडांचे मूळ आहे. एकाच वाटीत दाणेदार साखर आणि पिठीसाखर भरली तर पिठीसाखरेचे वजन बरेच कमी भरते. जुन्या वहीत 'एक वाटी' लिहिलेले असते, ती कशाची हे लिहिलेले नसते. ग्रॅम दाखवणारा साधा काटा घ्यावा आणि दूधसुद्धा त्यावरच मोजावे.

तापमापक उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांना उकळते. तापमापक १०० दाखवत असेल तर तो दोन अंश पुढे आहे, असे समजावे.

फ्रीझरचे तापमान पाहण्यासाठी तापमापक दोन गोठलेल्या पिशव्यांच्या मध्ये रात्रभर ठेवावा. दोन दारांच्या फ्रिजमध्ये ते उणे १८ च्या आसपास असते. एकाच दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा उणे १० ते १२ पर्यंतच जातो. तिथे १८० ग्रॅम साखरेचे आइसक्रीम ढिले राहते, म्हणून १६० ते १६५ ग्रॅमवर थांबावे. साखर कमी करण्याचे हे एक रास्त कारण आहे.

## टप्पा ३: मिश्रण शिजवणे

रिकाम्या पातेल्याचे वजन करून ते लिहून ठेवावे. साखर, मिल्क पावडर, मीठ आणि जीएमएस-सीएमसी या कोरड्या वस्तू आधी एकत्र चांगल्या मिसळाव्यात. सीएमसी थेट दुधात टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर कशानेही फुटत नाहीत. साखरेत मिसळून घातली की ती सुटी विरघळते. दूध ४० ते ४५ अंशांपर्यंत, म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतके कोमट करावे आणि त्यात हे कोरडे मिश्रण हळूहळू ढवळत सोडावे. कॉर्नफ्लोअर वापरायचे असेल तर मापातल्याच दुधापैकी अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढून त्यात ते कालवावे आणि मग कोमट मिश्रणात ओतावे.

नंतर मध्यम आचेवर, तळ सोडवत, मिश्रण ८० अंशांवर न्यावे आणि दोन-तीन मिनिटे तिथेच ठेवावे. कॉर्नफ्लोअर असेल तर मिश्रण दाट होऊन त्याचा कच्चा पिठूळ वास जाईपर्यंत थांबावे. सुटे दूध वापरले असेल तर ते आधी वेगळे उकळून घेतलेले असावे.

आच बंद करून मिश्रण ६० अंशांच्या आसपास आले की क्रीम घालावे आणि हँड ब्लेंडरने अर्धा मिनिट फिरवावे. याहून जास्त फिरवल्यास फेस होतो, फायदा काही होत नाही.

तपासणी: पातेले पुन्हा काट्यावर ठेवावे. पातेल्याचे वजन वजा जाता आकडा १०७० च्या जवळ हवा. तो १०२० आला तर ५० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले आहे. तेवढे उकळून कोमट केलेले पाणी परत घालावे. हे करताना जिवावर येते, कारण दूध आटवणे म्हणजे ते चांगले करणे असे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण बासुंदीचा नियम इथे चालत नाही. आटवून साखरेचे प्रमाण दर वेळी वेगळे होते, आणि लॅक्टोज दाटून आइसक्रीम महिनाभरात दातांखाली रेतीसारखे कचकचू लागते.

## टप्पा ४: चव पाहणे, आणि इथेच न फसणे

मिश्रण गरम असताना चाखून साखरेबद्दल मत बनवू नये. थंडीने जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे कोमट असताना थोडे जास्तच गोड वाटणारे मिश्रण गोठल्यावर बेताचे लागते. पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून, ढवळत, लवकर थंड करावे आणि चमचाभर मिश्रण छोट्या वाटीत घालून फ्रीझरमध्ये गोठवून मगच चाखावे. अर्ध्या तासाची ही परीक्षा वाया जात नाही.

त्यानंतरही गोड जास्त वाटले, तर साखर नुसती कमी न करता तिचा काही भाग बदलावा. औषधांच्या दुकानात मिळणारी साधी, स्वाद नसलेली ग्लुकोज पावडर, म्हणजे डेक्स्ट्रोज, इथे उपयोगी पडते. तिचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्याने तितक्याच ग्रॅममध्ये रेणूंची संख्या जास्त भरते, आणि गोठण्याचा बिंदू वजनावर नव्हे तर रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतो. दुकानात मिळणाऱ्या पावडरीत थोडे पाणी बांधलेले असते. ते जमेस धरून ती साखरेच्या पावणेदोन पट मऊपणा देते. गोडी मात्र साखरेच्या ७० टक्केच असते.

हिशेब असा बसतो. १८० ग्रॅम साखरेऐवजी १२० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम ग्लुकोज घेतले, तर मऊपणा १२० अधिक ७०, म्हणजे १९० ग्रॅम साखरेइतका मिळतो, आणि गोडी १२० अधिक २८, म्हणजे जेमतेम १५० ग्रॅमइतकी लागते. घनपदार्थ २० ग्रॅमने कमी होतात म्हणून मिल्क पावडर ४० वरून ५० ग्रॅम करावी. गोड कमी खाणाऱ्या घरांसाठी मी हेच माप सुचवतो. ग्लुकोज हीदेखील साखरच आहे, त्यामुळे मधुमेहासाठी हा उपाय नाही, हे ध्यानात ठेवावे.

सावधान: केकच्या सामानाच्या दुकानातले लिक्विड ग्लुकोज ही वेगळी वस्तू आहे. तो दाट पाक असतो आणि त्यात मोठे रेणू बरेच असतात. ग्लुकोज पावडरीइतका मऊपणा त्याने येत नाही. स्टेव्हिया किंवा सुक्रालोजचे थेंब तर गोडीपुरतेच असतात. काही थेंबांत पुरेसे रेणूच नसल्याने मिश्रण जवळजवळ बिनसाखरेचे असल्यासारखे गोठते.

## टप्पा ५: मुरवणे, घोटणे, गोठवणे

गाळलेले मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ४ ते ५ अंशांना किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवावे. या वेळात स्निग्धांश घट्ट होतो आणि मिल्क पावडर पुरते पाणी शोषून घेते. कोमट मिश्रण यंत्रात ओतले तर ते गोठायला वेळ घेते आणि बर्फाचे कण मोठे होतात.

लाकडी बादलीच्या पॉटमध्ये करायचे असेल तर चार किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ, असे थर द्यावेत. दांडा फिरवणे जड होऊन मिश्रण सैल श्रीखंडासारखे दिसू लागले, की ते उणे ५ अंशांच्या जवळ आले आहे, तेव्हा थांबावे. यंत्र नसेल तर उथळ डब्यात कडेने गोठेपर्यंत ठेवून, मिक्सरमधून झटकन फिरवून पुन्हा ठेवावे, आणि हे तीनदा करावे. यात हवा कमी मिसळते, त्यामुळे असे आइसक्रीम मुळातच थोडे घट्ट असते आणि त्यात साखरेची कसूर अधिक ठळक दिसते.

तयार झालेले आइसक्रीम थंड केलेल्या उथळ डब्यात भरून फ्रीझरच्या मागच्या बाजूला ठेवावे, दारापाशी नाही.

## टप्पा ६: फळ घालायचे असल्यास

आमरस गोड असतो म्हणून साखर कमी करायची, हा तर्क उलटा आहे. २५० ग्रॅम हापूसच्या रसात सुमारे ४० ग्रॅम साखर येते, पण तिच्याबरोबर २०० ग्रॅम पाणीही येते. मूळ मिश्रणातल्या पाण्याला जितकी साखर आहे तितकी या पाण्याला पुरत नाही. म्हणून एवढ्या आमरसाला ३० ग्रॅम साखर वाढवावी लागते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत पाणी ९० टक्क्यांच्या आसपास असल्याने तेवढ्याच वजनाला ६० ते ६५ ग्रॅम लागते. फळ त्याच साखरेत शिजवून आटवले तर त्याहून कमी पुरते. आंबट फळ गरम दुधात घालू नये, दूध फाटते. ते नेहमी मुरलेल्या थंड मिश्रणात, घोटण्याच्या आधी मिसळावे.

## टप्पा ७: दगड झालेले आइसक्रीम दुरुस्त करणे

आधी दोष साखरेचाच आहे का ते पाहावे. डबा फ्रिजच्या खालच्या भागात वीस मिनिटे ठेवावा. एवढ्यात चमचा सहज शिरला आणि आत पोत गुळगुळीत असला, तर मिश्रण बरोबर आहे. फ्रीझर अधिक थंड आहे किंवा हवा कमी मिसळली आहे. कडा पाणचट होऊन पाघळल्या, मधला भाग मात्र तसाच कडक राहिला आणि त्यात बर्फ कुरकुरला, तर साखर कमी पडली असण्याची शक्यता मोठी आहे. वहीत लिहिलेले माप पाहून खात्री करावी.

समजा ५५० ग्रॅम दूध, ३०० ग्रॅम क्रीम, ४० ग्रॅम मिल्क पावडर आणि फक्त १०० ग्रॅम साखर घातली होती. एकूण ९९० ग्रॅमपैकी थोडे खाऊन झाले आणि ९४० ग्रॅम उरले आहे. म्हणजे सुमारे ९५ टक्के मिश्रण शिल्लक आहे आणि त्यात ९५ ग्रॅम साखर आहे. डबा फ्रिजमध्येच ठेवून सगळे वितळू द्यावे. ओट्यावर वितळवू नये. जे मिश्रण एप्रिलच्या उन्हाळ्यात काही तास बाहेर राहिले असेल ते टाकून द्यावे, दुरुस्त करू नये.

पूर्ण गोडी हवी असेल तर कमी पडलेल्या ८० ग्रॅमचे ९५ टक्के, म्हणजे ७६ ग्रॅम साखर घालावी. गोडी बेताचीच ठेवायची असेल तर २० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम ग्लुकोज पावडर घालावी. दोन्ही प्रकारांत मिश्रण पुन्हा ८० अंशांवर नेऊन साखर पूर्ण विरघळवावी, वजन पाहून वाफ झालेले पाणी भरून काढावे, बर्फाच्या पाण्यात थंड करून किमान चार तास मुरवावे आणि नव्याने घोटावे. वितळलेले मिश्रण न घोटता तसेच परत गोठवले तर त्यातली हवा गेलेली असते आणि साखर बरोबर असूनही डबा पुन्हा घट्टच निघतो. दुरुस्तीनंतर वहीतले साखरेचे माप त्याच दिवशी खोडून नवे लिहावे आणि पुढे फ्रीझरचे तापमानही नोंदवावे.